खोडण्याआधी एक प्रत काढून ठेवा

«मी डोंबिवलीला राहते. वय 37. अंधेरीतल्या एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत आयात विभागाची ऑपरेशन्स मॅनेजर आहे आणि पुढच्या महिन्यापासून नवी नोकरी शोधणार आहे. लिंक्डइनवरचे माझे प्रोफाइल 2011 चे आहे. मालाडच्या कॉल सेंटरपासूनच्या सगळ्या नोकऱ्या, चार शिफारशी, कौशल्यांना इतरांनी दिलेल्या शेकडो एन्डॉर्समेंट आणि जुन्या पोस्टचा ढीग, असे सगळे त्यात साठले आहे. 2021 मधली एका शिकवणी ॲपची पाच महिन्यांची विक्रीची नोकरी तर मला कोणाला दाखवावीशीच वाटत नाही. मैत्रीण म्हणते, हे खाते बंद कर आणि नवे उघड. तसे करू का? पगार थकल्याबद्दल 2020 मध्ये लिहिलेली पोस्ट काढू का? ऑफिसमध्ये कळणार तर नाही ना? नोकऱ्यांच्या तारखा, शिफारशी आणि काही पोस्ट सोबत जोडल्या आहेत.»
— एक वाचक, डोंबिवली

नवे खाते उघडू नका. लिंक्डइनवर प्रत्येक प्रोफाइलच्या माहितीत ते खाते कोणत्या महिन्यात व वर्षी उघडले हे कोणालाही पाहता येते, आणि 2012 पासूनचा कस्टम्सचा अनुभव सांगणारे प्रोफाइल गेल्याच महिन्यात उघडलेले दिसले, तर भरती करणाऱ्याच्या मनात पहिली शंका बनावट खात्याची येते. शिवाय शिफारशी आणि एन्डॉर्समेंट जुन्या खात्यातून नव्या खात्यात येत नाहीत. जे आहे तेच आवरायचे आहे, मात्र ते ठरावीक क्रमाने, कारण येथे खोडलेल्या काही गोष्टी परत मिळत नाहीत.

म्हणून एकही नोंद काढण्यापूर्वी संपूर्ण प्रोफाइलची प्रत काढून ठेवा. सेटिंगमध्ये ‘Data privacy’ या विभागात ‘Get a copy of your data’ हा पर्याय आहे. तेथे सगळी माहिती मागवली की साधारण एका दिवसाच्या आत ईमेलवर दुवा येतो. तो दुवा थोडे दिवसच चालतो, त्यामुळे फाइल लगेच उतरवून घ्या. आत बऱ्याच छोट्या फाइली निघतील. `Positions.csv` मध्ये नोकऱ्या, `Recommendations_Received.csv` मध्ये मिळालेल्या शिफारशी, `Shares.csv` मध्ये तुम्ही टाकलेल्या पोस्ट आणि `Comments.csv` मध्ये तुमच्या प्रतिक्रिया असतात. त्या ऑफिसच्या लॅपटॉपवर न उघडता घरच्या संगणकावर गुगल शीट्समध्ये उघडा. एक्सेलमध्ये थेट उघडल्यास मराठीत लिहिलेल्या पोस्टची अक्षरे अनेकदा विस्कटलेली दिसतात. याच्या जोडीला प्रोफाइलच्या पानावरून त्याची पीडीएफही उतरवून घ्या, म्हणजे सगळे मूळचे कसे मांडलेले होते हेही हाताशी राहील.

आता नोकऱ्यांकडे वळू. कॉल सेंटरची दोन वर्षे आणि त्यानंतरचे दादरच्या ट्रॅव्हल एजन्सीतले आठ महिने, या दोन्ही नोंदी निःशंकपणे काढा. त्या तुमच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला असल्यामुळे काढल्यावर मध्ये कोठेही खिंडार पडत नाही. प्रोफाइल 2012 पासून, फोर्टमधल्या कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात तुम्ही डॉक्युमेंटेशनला लागलात तेथून सुरू होईल, आणि आयात विभागासाठी माणूस शोधणाऱ्याला नेमके तेथूनच वाचायचे असते. फक्त हे करण्याआधी एक पाहा. लिंक्डइनवरची शिफारस एखाद्या नोकरीच्या नोंदीशी जोडलेली असते आणि तुमची एक शिफारस कॉल सेंटरच्या नोंदीशी जोडलेली आहे. तिचा मजकूर वर सांगितलेल्या फाइलमध्ये उतरला आहे याची खात्री झाल्यावरच ती नोंद काढा.

2021 च्या नोकरीबाबत मात्र माझे मत तुमच्या इच्छेच्या विरुद्ध आहे. तुमच्या तारखा मी कागदावर मांडून पाहिल्या. आधीच्या फॉरवर्डिंग कंपनीने जुलै 2020 अखेर कर्मचारी कपात केली, त्यात तुमची नोकरी गेली. शिकवणी ॲपमध्ये तुम्ही फेब्रुवारी ते जून 2021 होता आणि सध्याची नोकरी सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झाली. ही नोंद ठेवली, तर आधी सहा महिन्यांचे आणि नंतर दोन महिन्यांचे अंतर दिसते. ती काढली, तर ऑगस्ट 2020 ते ऑगस्ट 2021 असे सलग तेरा महिन्यांचे अंतर दिसते. 2020 मध्ये गेलेल्या नोकरीनंतरच्या सहा महिन्यांबद्दल मुंबईत कोणी खोलात जाऊन विचारत नाही, कारण त्या काळात काय घडले हे विचारणाऱ्यानेही पाहिलेले आहे. तेरा महिन्यांबद्दल मात्र विचारले जाते, आणि तेव्हा तुम्हाला तीच नोकरी तोंडाने सांगावी लागेल जी तुम्ही प्रोफाइलवरून काढली आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मी अठरा वर्षे भरतीच्या कामात घालवली. त्यातली बरीच वर्षे निवड झाल्यानंतरच्या पडताळणीची कागदपत्रे माझ्याच टेबलावरून जात असत. पडताळणी करणारी संस्था उमेदवाराकडून यूएएन क्रमांक घेते, आणि भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवरच्या सेवा-इतिहासात, ज्या कंपनीने त्या क्रमांकावर पीएफ भरला तिचे नाव रुजू झाल्याच्या व सोडल्याच्या तारखेसह दिसते. एका उमेदवाराने चार महिन्यांची एक नोकरी प्रोफाइलवरून काढली होती, आणि त्यात गैर काहीच नव्हते. पण प्रोफाइलशी जुळावे म्हणून त्याने ती आमच्या अर्जातूनही वगळली आणि अर्जाखाली ‘वरील माहिती संपूर्ण व खरी आहे’ या ओळीवर सही केली. सेवा-इतिहासात ती नोकरी निघाली आणि त्याचे नियुक्तिपत्र मागे घेतले गेले. त्याचे काम चांगले होते, मुलाखतही चांगली झाली होती. ते पत्र परत मागवणारा ईमेल मला लिहावा लागला होता आणि तो प्रसंग मी विसरलेले नाही.

तेव्हा हा भेद मनाशी पक्का ठेवा. प्रोफाइलवर काय दाखवायचे हे तुम्ही ठरवायचे, तेथे निवड करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. कंपनीच्या अर्जात जेथे सर्व नोकऱ्या विचारल्या असतील, तेथे मात्र सर्व लिहायच्या, अगदी कॉल सेंटर आणि ट्रॅव्हल एजन्सीसुद्धा. यासाठी पीएफच्या पोर्टलवर जाऊन स्वतःचा सेवा-इतिहास एकदा उघडा आणि त्यातल्या तारखा एका कागदावर उतरवून घ्या. शिकवणी ॲपने पीएफ कापला होता की नाही, आणि कापला असल्यास सोडल्याची तारीख भरली होती की नाही, हे त्यातच कळेल. छोट्या मुक्कामाच्या नोकऱ्यांमध्ये सोडल्याची तारीख भरायची राहून गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. तसे असेल, तर तुम्ही दोन ठिकाणी एकाच वेळी नोकरीला होता असे त्या नोंदीवरून दिसते. ती दुरुस्ती नोकरीच्या शोधाआधी करून घ्या.

प्रोफाइलवरची ती नोंद लहान करा. सध्या तुम्ही त्याखाली नऊ ओळी लिहिल्या आहेत आणि त्यांत विक्रीचे लक्ष्य, पालकांना केलेले फोन, महिन्याची टक्केवारी असे सगळे आहे. त्या सर्व ओळी काढून केवळ पद, कंपनीचे नाव आणि तारखा ठेवा. वाचणाऱ्याची नजर तेथून सहज पुढे सरकते. त्याआधीचे सहा महिने मोकळे ठेवायचे नसतील, तर लिंक्डइनवर 2022 पासून ‘Career break’ अशी स्वतंत्र नोंद करण्याची सोय आहे, पण तुमच्या बाबतीत मला तिची गरज वाटत नाही. का, ते पोस्टबद्दल बोलताना सांगते.

नोकऱ्यांच्या तारखा बदलताना त्या नोकरी डॉट कॉमवरच्या तुमच्या बायोडेटाशी ताडून पाहा. आपल्याकडे भरती करणारा माणूस हे दोन्ही शेजारी-शेजारी उघडून बसतो. एका ठिकाणी मार्च आणि दुसऱ्या ठिकाणी मे असेल, तर तो ते टिपून ठेवतो.

शिफारशींच्या बाबतीत काय करता येते आणि काय येत नाही, हे आधी समजून घ्या. दुसऱ्याने लिहिलेली शिफारस तुम्हाला बदलता येत नाही. ती तुम्हाला प्रोफाइलवरून लपवता येते, हवी तेव्हा पुन्हा दाखवता येते, किंवा लिहिणाऱ्याला ती सुधारून देण्याची विनंती करता येते. तुमच्या चारपैकी कॉल सेंटरच्या सुपरवायझरची लपवा. ‘फोनवरचा गोड आवाज आणि टायपिंगचा वेग’ हे तिचे शब्द आपुलकीचे आहेत, पण आयात विभागाच्या मॅनेजरच्या पदासाठी ते वाचणाऱ्याला दुसरीकडेच नेतात. तुमच्या आधीच्या कंपनीतल्या दोन सहकाऱ्यांच्या शिफारशींच्या तारखा पाहा. त्या एकाच आठवड्यातल्या आहेत आणि त्याच आठवड्यात तुम्हीही त्या दोघांसाठी शिफारशी लिहिल्या आहेत. ही देवाणघेवाण तारखांवरून उघड दिसते, आणि त्यामुळे तिघांच्याही शब्दांचे वजन उतरते. त्यांतली जी तुमच्या प्रत्यक्ष कामाबद्दल बोलते, म्हणजे विमानाने आलेल्या औषधांच्या मालाची सहार कार्गोमधून तुम्ही रात्रीतून सुटका करून घेतली असे सांगते, ती ठेवा आणि दुसरी लपवा. तुम्ही इतरांसाठी लिहिलेल्या शिफारशीही एकदा वाचा. त्या त्यांच्या प्रोफाइलवर तुमच्या नावाने दिसत असतात आणि तुम्हाला त्या मागे घेता येतात.

चौथी शिफारस मात्र सोन्यासारखी होऊ शकते. फोर्टच्या ऑफिसातल्या तुमच्या साहेबांनी लिहिले आहे की ही मुलगी प्रामाणिक, मेहनती आणि वक्तशीर आहे. ते खरे असेल, पण हे कोणाहीबद्दल लिहिता येते. ज्यांच्या हाताखाली तुम्ही चार वर्षे काम शिकलात, त्यांच्या शब्दांत तुमचे काम दिसायला हवे. त्यांना आधी फोन करा, मग लिंक्डइनवरून सुधारणेची विनंती पाठवा आणि तिच्यासोबत काही आठवण करून देणारा मजकूर द्या. साधारण असा: «साहेब, नमस्कार. 2014 मध्ये बिल ऑफ एन्ट्रीची छाननी तुम्ही माझ्याकडे सोपवली होती आणि वर्गीकरणाच्या चुका मी दाखल करण्याआधीच पकडत असे, हे तुम्ही नेहमी सांगायचात. शिफारशीत त्या कामाबद्दल दोन ओळी लिहिता आल्या तर मला फार मदत होईल. घाई नाही.» मोठ्या माणसाला नेमकी आठवण दिली की तो स्वतःच्या शब्दांत लिहितो. तयार परिच्छेद पाठवू नका. तो तसाच चिकटवला जातो आणि त्यात तुमचीच भाषा वाचणाऱ्याला ऐकू येते.

एन्डॉर्समेंटबद्दल थोडक्यात सांगते. कौशल्यांच्या यादीतून एखादे कौशल्य काढले की त्यावरच्या सगळ्या एन्डॉर्समेंट जातात, आणि तेच कौशल्य पुन्हा जोडले तरी त्या परत येत नाहीत. तुमच्या यादीत ‘Customer Service’ खाली त्रेसष्ट आणि ‘Customs Clearance’ खाली सहा एन्डॉर्समेंट आहेत. पहिला आकडा पाहून तुमचा जीव त्यात अडकणे स्वाभाविक आहे, पण तो तुमच्या जुन्या कामाचा आकडा आहे. कस्टम्स, फ्रेट फॉरवर्डिंग, इनकोटर्म्स, लेटर ऑफ क्रेडिट ही कौशल्ये यादीत सर्वांत वर आणा. ‘Customer Service’ खाली जाऊ द्या, पण काढू नका, कारण मॅनेजरच्या पदाला ग्राहकांशी बोलणे लागतेच. ‘Telecalling’ आणि ‘Data Entry’ मात्र काढा. भरती करणारे लोक उमेदवार शोधताना कौशल्यांची नावे टाकून शोधतात, आणि कोणत्या नावाने तुम्ही सापडावे हे यादीवरून ठरते. एन्डॉर्समेंटची संख्या फार कमी जण पाहतात. एखाद्या कौशल्यावर केवळ एका व्यक्तीचे नाव खटकत असेल, उदाहरणार्थ तुमच्या लग्नाचे फोटो काढणाऱ्याने ‘Customs Clearance’साठी दिलेली पसंती, तर त्या कौशल्याची यादी उघडून फक्त तेवढे नाव लपवता येते.

आता पोस्ट. लिंक्डइनवर जुन्या पोस्ट एकदम काढण्याची सोय नाही, त्या एकेक करून काढाव्या लागतात. ते काम झटपट करून देण्याचा दावा करणारी ब्राउझरमधली जोडसाधने वापरू नका. अशा स्वयंचलित साधनांना लिंक्डइनच्या नियमांत मनाई आहे आणि खात्यावर निर्बंध येऊ शकतो. नोकरी शोधण्याच्या महिन्यात खाते बंद पडणे तुम्हाला परवडणारे नाही. त्याऐवजी `Shares.csv` फाइल कामाला लावा. तिच्यात प्रत्येक पोस्टची तारीख, मजकूर आणि थेट दुवा असतो. गुगल शीट्समध्ये मजकुराच्या स्तंभात ‘पगार’, ‘salary’, जुन्या कंपनीचे नाव, ग्राहकांची नावे असे शब्द शोधा, जी पोस्ट सापडेल तिच्यापुढच्या दुव्यावर जा, आणि ती वाचून निर्णय घ्या. पानावर खाली-खाली सरकत 2013 पर्यंत पोहोचण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे. `Comments.csv` बरोबरही तेच करा, कारण दुसऱ्यांच्या पोस्टखाली घातलेले वाद आपण विसरतो, पण ते आपल्या नावासह तेथेच राहतात.

पगार थकल्याबद्दल 2020 मध्ये तुम्ही जे लिहिले, ते अन्यायाबद्दल होते आणि तुमचा राग मला समजतो. तरी ती पोस्ट काढा, कारण तिच्यात तुम्ही दोन सहकाऱ्यांच्या पगाराचे आकडे दिले आहेत आणि ते सांगण्याचा अधिकार त्यांचा होता. माझ्या मते त्याहून घातक पोस्ट मात्र दुसरीच आहे, जिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही. 2018 मध्ये न्हावा शेव्याला अडकलेला माल सुटल्याच्या आनंदात तुम्ही टेबलावरच्या कागदांचा फोटो टाकला आहे. तो मी मोठा करून पाहिला. बिल ऑफ एन्ट्री या आयातीच्या घोषणापत्रावरचे आयातदाराचे नाव, मालाचे वर्णन आणि घोषित किंमत स्पष्ट वाचता येते. तुमच्या व्यवसायात ग्राहक काय, कोठून आणि कोणत्या भावाने आणतो हेच त्याचे गुपित असते. हा फोटो पाहणारा वरिष्ठ लगेच विचार करील की उद्या ही व्यक्ती आमच्या ग्राहकाची कागदपत्रेही अशीच दाखवील. ती पोस्ट सर्वांत आधी काढा, आणि कंटेनर क्रमांक किंवा पॅकिंग लिस्ट दिसणारे असे आणखी फोटो आहेत का ते तपासा.

काढलेली पोस्ट प्रोफाइलवरून लगेच जाते आणि तिच्याखालच्या इतरांच्या प्रतिक्रियाही जातात, मात्र कोणी तिचा स्क्रीनशॉट घेतला असेल तर त्यावर आपला इलाज नाही. मुलाखतीत जुन्या पगाराच्या पोस्टचा विषय निघालाच, तर ‘ती मी लिहिली होती, सहकाऱ्यांचे आकडे द्यायला नको होते म्हणून काढली’ एवढे खरे उत्तर द्यावे.

पण सगळ्या पोस्ट पुसू नका. तुमच्या जोडपत्रात नोव्हेंबर 2020 ची एक पोस्ट आहे. त्याच सुमारास कस्टम्सचे फेसलेस असेसमेंट देशभर लागू झाले होते, आणि न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाचे मूल्यांकन आता दुसऱ्या शहरातला अधिकारी करणार असल्यामुळे मालाचे वर्णन लिहिताना कोणती काळजी घ्यावी, हे तुम्ही त्यात चार परिच्छेदांत समजावून सांगितले आहे. तेव्हा तुमच्याकडे नोकरी नव्हती. त्या सहा महिन्यांतही तुम्ही या कामाच्या संपर्कात होता याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही, म्हणूनच स्वतंत्र ‘Career break’ नोंदीची गरज नाही असे मी म्हटले. ही पोस्ट प्रोफाइलच्या ‘Featured’ विभागात वर लावा.

राहिला ऑफिसचा प्रश्न. नोंद किंवा पोस्ट काढल्याची सूचना कोणाला जात नाही. सूचना जाऊ शकते ती नोकरीची नोंद भरताना किंवा बदलताना, म्हणून त्या चौकटीत ‘Notify network’ असा खटका दिसल्यास तो बंद ठेवा, आणि ‘Visibility’ विभागात नोकरीतले बदल इतरांना कळवण्याचा पर्यायही आधीच बंद करा. सगळे काम एका रात्रीत करण्याऐवजी दोन-तीन आठवड्यांत पसरवा, कारण रोज तुमचे प्रोफाइल पाहणाऱ्या सहकाऱ्याला अचानक कोरे झालेले पान लगेच जाणवते. ‘Open to work’ लावायचे असेल, तर फोटोभोवती हिरवी चौकट आणणारा पर्याय टाळून फक्त रिक्रूटर्सना दिसणारा निवडा. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटर्सपासून ते लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते, पण त्याची पूर्ण हमी देत नाही. अंधेरीतल्या फॉरवर्डिंगच्या धंद्यात सगळेच एकमेकांना ओळखतात. म्हणून तुमच्या जागी मी असते, तर पहिले दोन महिने तोही लावला नसता आणि ओळखीच्या चार-पाच जणांना थेट फोन केले असते.

आणि एक गोष्ट तुमच्या जोडपत्रातल्या छायाचित्रात दिसली. तुमच्या खात्याचा मुख्य ईमेल ऑफिसचा आहे. नोकरी सोडल्यावर तो ईमेल बंद होईल आणि पासवर्ड विसरलात तर खातेच हातातून जाईल. त्याआधीही, वर सांगितलेल्या प्रतीचा दुवा आणि रिक्रूटर्सच्या संदेशांच्या सूचना त्याच ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये येतील. खाजगी ईमेल जोडून तोच मुख्य करा आणि ऑफिसचा काढून टाका. माहितीची प्रत मागवण्याआधी, आज रात्रीच हे करा.